तराजूतला शहजादा: लघुचित्र पुरावा म्हणून वाचताना

प्रश्न: इतिहासाच्या पेपरात मुघल लघुचित्र छापून देतात आणि 'या साधनाच्या आधारे पोशाख, व्यापार व दरबारी जीवन यांविषयी लिहा' असं विचारतात. मी चित्रात दिसतं ते सगळं लिहितो, तरी गुण अर्धेच मिळतात. चित्र पुरावा म्हणून वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर:

दिसतं ते लिहिणं ही पहिली पायरी आहे आणि ती तुम्हाला जमते आहे. गुण जातात ते पुढच्या पायरीवर. चित्रकाराने हे काढलं कधी, कोणासाठी, आणि यातलं त्याने डोळ्यांनी पाहिलेलं किती, हे विचारल्याशिवाय चित्रातली वस्तू पुरावा होत नाही. हे तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा एक चित्र घेऊन शेवटपर्यंत जाऊ या.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जहांगीराच्या आत्मवृत्ताच्या सचित्र प्रतीतलं एक पान आहे. शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, मोठ्या तराजूच्या एका पारड्यात बसला आहे आणि दुसऱ्या पारड्यात थैल्या आहेत. जहांगीर स्वतः तराजूजवळ उभा आहे. बाजूला मानकरी उभे आहेत आणि त्यांतल्या काहींच्या अंगावर बारीक अक्षरांत नावं लिहिली आहेत. पुढे जमिनीवर तबकं मांडली आहेत. त्यांत कापडं, जडावाची शस्त्रं, दागिने. मागच्या भिंतीतल्या कोनाड्यांत चिनी मातीच्या वस्तू आणि बाटल्या, पायाखाली गालिचा. तुमच्या तिन्ही विषयांसाठी, म्हणजे पोशाख, व्यापार आणि दरबार यांसाठी, याहून भरगच्च पान मिळणं कठीण. हे चित्र मनोहर या चित्रकाराचं मानलं जातं.

प्रसंग 1607 सालचा, काबूलचा. जहांगीर स्वतः लिहितो की खुर्रमच्या मुक्कामी गेलो असताना, चांद्र गणनेने येणाऱ्या त्याच्या सोळाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, त्याला सोन्या-चांदीने आणि इतर धातूंनी तोलायला सांगितलं आणि ते धन फकिरांना, गरजूंना वाटायला लावलं. चित्र मात्र 1610 नंतरच्या दशकातलं धरलं जातं. उत्तराची किल्ली इथेच आहे. प्रसंग एका सालचा आणि चित्र काही वर्षांनंतरचं. तेव्हा चित्र 1607 च्या काबूलची साक्ष देतं की 1610 नंतरच्या दरबाराची, हा प्रश्न प्रत्येक वस्तूसाठी वेगळा विचारावा लागतो, आणि उत्तर दर वेळी एकच येत नाही.

आधी माणसं घेऊ, कारण फरक तिथे सगळ्यात उघड दिसतो. अंगावर लिहिलेल्या नावांत इतिमादुद्दौला आणि आसफ खान ही नावं आहेत. बरेच विद्यार्थी इथे लगेच लिहितात की नूरजहानचे वडील आणि भाऊ 1607 मध्ये बादशहाच्या अगदी जवळ होते. थोडं थांबा. 'आसफ खान' ही पदवी आहे. 1607 मध्ये ती जाफर बेग नावाच्या अमिराकडे होती. तो 1612 मध्ये वारला. नूरजहानचा भाऊ अबुल हसन याला ती 1614 मध्ये मिळाली. म्हणजे चित्रातला आसफ खान नूरजहानचा भाऊ असेल, तर नाव लिहिणाऱ्याने पुढची पदवी मागच्या प्रसंगाला चिकटवली आहे. जाफर बेग असेल, तर त्या कुटुंबाशी त्याचा असा संबंध जोडताच येत नाही. इतिमादुद्दौलाचंही तसंच. त्याचा मुलगा मुहम्मद शरीफ 1607 मध्येच, जहांगीराचा बंडखोर मुलगा खुसरो याच्या बाजूने झालेल्या कटात सापडून मारला गेला. त्या वर्षी हे घराणं चांगलंच अडचणीत होतं. त्याचे खरे चांगले दिवस आले 1611 मध्ये, नूरजहानच्या लग्नानंतर, आणि 1612 मध्ये आसफ खानाची मुलगी अर्जुमंद बानू खुर्रमला दिल्यानंतर. चित्र तयार होत होतं तेव्हा याच मंडळींचा दरबारात वरचष्मा होता.

यावरून चित्र खोटं ठरत नाही. ते हजेरीपट म्हणून वाचता येत नाही, एवढंच ठरतं. 1607 च्या दिवशी कोण कुठे उभं होतं, यासाठी ते कच्चं साधन आहे. पण 1610 नंतरच्या दरबाराला आपला भूतकाळ कसा दिसायला हवा होता, कोणाला तराजूच्या जवळ उभं केलेलं बादशहाला शोभून दिसत होतं, यासाठी ते अव्वल साधन आहे. हे वाक्य उत्तरात आलं की तपासणाऱ्याला कळतं की तुम्ही चित्र वाचलंय.

आता तराजूत तोलण्याच्या, म्हणजे तुलेच्या विधीकडे या. मराठी वाचकाला तुला नवी नाही. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची तुला झाली होती. तुलादान ही मूळची हिंदू राजांची रीत, आणि मुघलांनी ती उचलून आपलीशी केली. अबुल फझल आईन-इ-अकबरीत सांगतो की अकबराची तुला वर्षातून दोनदा होत असे, सौर वाढदिवसाला बारा वस्तूंनी आणि चांद्र वाढदिवसाला आठ वस्तूंनी. वस्तूंमध्ये सोन्या-चांदीबरोबर रेशीम, सुगंधी द्रव्यं, तूप, धान्य, मीठही असे. शहजाद्यांची तुला मात्र सौर वाढदिवसालाच होई, असं तोच लिहितो. या माहितीशी चित्र ताडून पाहिलं की एक चांगली गोष्ट हाताला लागते. खुर्रमची ही तुला चांद्र वाढदिवसाची आहे, म्हणजे नेहमीच्या रिवाजाबाहेरची. बापाने मुलाला दिलेला तो खास मान आहे. मग हा प्रसंग चित्रासाठी का निवडला गेला, याचंही कारण दिसायला लागतं. आत्मवृत्तात प्रसंग शेकड्यांनी आहेत, पण चित्र प्रत्येकाचं होत नाही. निवड हाही पुरावाच आहे.

दुसऱ्या पारड्यातल्या थैल्यांबद्दल तर आपल्याकडे एका परक्या माणसाची साक्ष आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो 1617 मध्ये मांडूला जहांगीराच्या तुलेला हजर होता. त्याने बागेचं, सोन्याच्या तराजूचं, साखळ्यांचं वर्णन केलंय आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की सोनं आणि जवाहीर तोललं असं म्हणतात, पण ते थैल्यांत होतं, मला दिसलं नाही, आत गोटेसुद्धा असू शकतील. चित्रातही थैल्याच आहेत. तेव्हा वस्तू थैल्यांत भरून तोलायच्या, ही पद्धत दोन वेगळ्या साधनांतून पक्की होते. आत काय होतं आणि किती होतं, हे दोन्ही साधनं सांगत नाहीत. 'या चित्रावरून मुघलांची अफाट संपत्ती दिसते' असं वाक्य मी इतक्या उत्तरांत वाचलंय की ते दिसलं की आता मी पुढच्या ओळीत आधार शोधतो, आणि तो क्वचित सापडतो. संपत्ती दिसत नाही, संपत्तीचं प्रदर्शन दिसतं. किती होती, यासाठी जमेचे आकडे लागतात आणि ते चित्रात नसतात. रोच्या साक्षीलाही एक मर्यादा आहे, तीही लिहा. तो व्यापारी सवलती मिळवायला आलेला वकील होता. दरबाराच्या थाटामाटाकडे संशयाने बघणं त्याच्या कामातच होतं.

पोशाखाकडे वळताना मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की आधी गाठ बघा. मुघल चित्रांत पुरुषांच्या अंगात जामा असतो, वर छातीवर एक पदर दुसऱ्यावर येतो आणि काखेखाली बंदांनी बांधलेला असतो. सर्वसाधारण संकेत असा की मुसलमान अमिराचा जामा त्याच्या उजव्या काखेखाली बांधलेला आणि हिंदू अमिराचा डाव्या. आईन-इ-अकबरीत याचा एक मागोवा सापडतो. तकौचिया नावाचा, हिंदुस्थानी बेताचा विनाअस्तराचा झगा पूर्वी घेराला चिरा असलेला आणि डाव्या बाजूला बांधायचा असे; बादशहाने त्याला गोल घेर देऊन तो उजवीकडे बांधायला लावला, असं अबुल फझल लिहितो. एवढ्या एका गाठीवरून चित्रातल्या बिननावाच्या माणसाची ओळख थोडी पुढे सरकते. रजपूत मनसबदार दरबारात कुठे, कितव्या रांगेत उभे आहेत, हेही मग मोजता येतं.

पण गाठ फसवतेही. चित्रशाळेत एखाद्या माणसाची चांगली जमलेली आकृती पुन्हा वापरायची असे. त्यासाठी हरणाच्या पातळ कातड्यावर तिचा माग काढत, रेषांवर बारीक भोकं पाडत आणि त्यावरून कोळशाची पूड फिरवून खालच्या कागदावर ठिपके उतरवत. याला चरबा म्हणतात. हेच कातडं उलटं ठेवलं की माणूस डावीकडून उजवीकडे वळतो आणि त्याच्याबरोबर जाम्याची गाठही बाजू बदलते. चित्रकार दक्ष असेल तर रंगवताना दुरुस्त करतो, सगळेच करत नाहीत. हे ओळखायचं कसं? तलवार बघा. उजव्या हाताने उपसायची तलवार डाव्या कमरेला असते. तलवार उजव्या कमरेला आली असेल आणि गाठही अनपेक्षित बाजूला असेल, तर ती आकृती बहुधा उलटवलेली आहे आणि त्या गाठीवरून धर्म ठरवू नये. तलवार जागेवर असून फक्त गाठ वेगळी असेल, तर मात्र ती गाठ मनावर घ्यायची.

कानाचंही असंच आहे. जहांगीर 1614 मध्ये अजमेरला आजारी पडला आणि बरा झाल्यावर ख्वाजा मुइनुद्दीन चिश्तींच्या कृपेची खूण म्हणून त्याने कान टोचून घेतले, मोती घातले. हे तो स्वतः लिहितो. बादशहाने घातले म्हटल्यावर दरबारातल्या कित्येकांनी तेच केलं. त्यामुळे जहांगीराच्या कानात मोती असला तर ते चित्र, निदान तो चेहरा, 1614 नंतर रंगवलेला आहे असं मानायला आधार मिळतो, मग प्रसंग 1607 चा असो की त्याआधीचा. कान मोकळा असेल तर दोन शक्यता राहतात. एकतर चित्र 1614 च्या आधीचं, नाहीतर चित्रकाराने प्रसंगाचं साल लक्षात ठेवून मुद्दाम मोती टाळला. म्हणून मोती असणं हा मजबूत पुरावा आणि नसणं हा लेचापेचा. तराजूच्या चित्राची मोठी प्रत संग्रहालयाच्या संकेतस्थळावर उघडून जहांगीराच्या आणि आजूबाजूच्या मानकऱ्यांच्या कानांवर नजर फिरवा. छापील पुस्तकातल्या बोटभर आकाराच्या प्रतीत हे कळणार नाही. त्या प्रतींत बऱ्याचदा कडाही कापलेल्या असतात, आणि पानाच्या कडेवरच चित्रकाराचं नाव किंवा प्रसंगाची ओळ असू शकते.

पोशाखाबद्दल आणखी एकच मुद्दा, पण तो महत्त्वाचा. दरबारातला पोशाख हा माणसाच्या आवडीचा प्रश्न नव्हता. जहांगीराने नादिरी नावाचा, कबावर घालायचा बिनबाह्यांचा झगा स्वतः बेतला आणि बादशहाने बहाल केल्याशिवाय तो कोणी घालू नये असा हुकूम केला. खिलत म्हणून वस्त्रं देणं ही तर रोजची राजनीती होती. म्हणून चित्रात एखाद्या अमिराच्या अंगावर भारी वस्त्र दिसलं की 'श्रीमंत लोक असे कपडे घालत' एवढ्यावर थांबू नका. ते वस्त्र त्याला मिळालेलं असू शकतं, आणि मग ते दरबारी जीवनाचा पुरावा ठरतं. आणि ते चित्रातल्या माणसांपुरतंच बोलतं. काबूलच्या बाजारातला कासार किंवा आग्र्याचा भिस्ती काय नेसत होता, हे तराजूच्या चित्रावरून काढता येत नाही. त्यासाठी बांधकामाची, छावणीची, शिकारीची चित्रं बघावी लागतात, जिथे गवंडी, हमाल, माहूत काठाला दिसतात. जनानखान्याच्या चित्रांबाबत आणखी जपून. पडद्यातल्या स्त्रिया समोर बसवून काढण्याची संधी पुरुष चित्रकाराला सहसा नव्हती, त्यामुळे तिथले चेहरे ठोकळेबाज असतात. कापडाचा पोत आणि दागिन्याचा घाट मात्र त्याने पाहिलेला असू शकतो.

आता व्यापार. इथे विद्यार्थी सगळ्यात जास्त घसरतात, कारण व्यापार चित्रात दिसतच नाही. दिसते ती वस्तू. वस्तू कुठून आली, कशी आली, विकत की नजराणा म्हणून, हे बाहेरून आणावं लागतं. तराजूच्या चित्रातल्या कोनाड्यांत चिनी मातीच्या वस्तू आहेत. त्या चीनमधून आलेल्या, हे घाटावरून सांगता येतं. पण ओळीने कोनाडे आणि प्रत्येकात एक सुबक सुरई किंवा बाटली ही मुघल सजावटीतली ठरलेली नक्षीही होती. तिला चिनीखाना म्हणत. आग्र्याला इतिमादुद्दौलाच्या मकबऱ्यात अशा सुरया दगडात बसवलेल्या आणि रंगवलेल्या दिसतात. मग चित्रातल्या बाटल्या खऱ्या की सजावटीच्या सवयीने आलेल्या? मी असं तपासतो: सगळे कोनाडे एकसारखे, एकाच घाटाच्या बाटल्यांनी भरलेले असतील तर ती नक्षी असण्याचा संभव जास्त. वस्तू एकमेकींपासून वेगळ्या असतील, एखादी मूर्ती, एखादं वेगळ्याच घाटाचं भांडं मध्येच असेल, तर चित्रकाराने खरा संग्रह पाहिला असण्याचा संभव वाढतो. शिवाय वस्तू आज उरल्या आहेत का हे बघायचं. शाहजहानच्या नावाचा लेख कोरलेल्या चिनी थाळ्या संग्रहालयांत आहेत, म्हणजे शाही कोठारात चिनी भांडी होती यात शंका नाही. एवढं झाल्यावर उत्तरात लिहायचं वाक्य असं असेल की चिनी भांड्यांची चव आणि प्रतिष्ठा दरबारात होती. 'चीनशी मोठा व्यापार होता' हे वाक्य या चित्रावर उभं राहत नाही.

व्यापाराचा धागा चित्रातून खरोखर हाताला लागतो तो कुठे, याचं एक उदाहरण देतो. मन्सूर या चित्रकाराने काढलेला टर्की पक्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. या पक्ष्याची मायभूमी अमेरिका. जहांगीर 1612 च्या हकिगतीत लिहितो की मुकर्रब खानाला गोव्याला पाठवून, फिरंगी जी किंमत सांगतील ती देऊन दुर्मीळ वस्तू घ्यायला सांगितलं होतं. त्याने आणलेल्या प्राण्यांत एक विलक्षण पक्षी होता. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान, डोक्यामानेचा रंग सरड्यासारखा बदलणारा. ऐकून नवल वाटतं ते पाहून वाढावं म्हणून त्याने चित्रकारांना या प्राण्यांची चित्रं काढायला लावली. इथे साखळीचा एकेक दुवा आहे. अमेरिका, पोर्तुगीज जहाजं, गोवा, मुघल अधिकारी, मोजलेली किंमत, दरबार, चित्र. चित्र एकटं असतं तर फक्त पक्षी असता. लेखन एकटं असतं तर पक्षी कोणता हे ठरवणं अवघड गेलं असतं. तरीही यातून निघतं ते एवढंच की गोव्याच्या बाजारात अमेरिकेचा प्राणी मिळत होता आणि दरबार त्यासाठी माणूस आणि पैसा पाठवत होता. टर्कीचा व्यापार चाले असं कोणी लिहिलं तर ते चुकीचं.

युरोपी माणूस किंवा युरोपी कपडे चित्रात दिसले तर जास्तच सावध राहा. वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत बिचित्रचं एक प्रसिद्ध चित्र आहे. जहांगीर वाळूच्या घड्याळाच्या आसनावर बसून एका सूफी शेखाला ग्रंथ देतो आहे आणि खाली इंग्लंडचा राजा जेम्स उभा आहे. जेम्स हिंदुस्थानात कधीच आला नाही. त्याचं रूप एका युरोपी व्यक्तिचित्रावरून उतरवलं आहे. म्हणजे तो झगा आणि ती टोपी 'दरबारात आलेल्या युरोपियनांचा पोशाख' म्हणून वाचता येत नाही. त्या चित्राचा व्यापाराशी संबंध आहे तो वेगळा: युरोपातली चित्रं भेटी म्हणून येत होती आणि मुघल चित्रकार ती बारकाईने उतरवत होते. रोने दिलेल्या एका चित्राच्या दरबारी चित्रकारांनी अशा हुबेहूब नकला केल्या की आपलं मूळ ओळखायला त्याला वेळ लागला, हे तो स्वतः नोंदवतो.

हे सगळं परीक्षेच्या वेळात कसं बसवायचं? तराजूच्या चित्रावर पोशाख आणि दरबार यांसाठी मी एक परिच्छेद असा लिहीन:

'हे चित्र जहांगीराच्या आत्मवृत्ताच्या सचित्र प्रतीतील असून 1607 मधील काबूल येथील खुर्रमच्या तुलेचे आहे. मात्र ते प्रसंगानंतर काही वर्षांनी, बादशहाच्या चित्रशाळेत, बादशहासाठी तयार झाले. तुलेच्या विधीला आईन-इ-अकबरीतील वर्णनाने दुजोरा मिळतो. द्रव्य थैल्यांत भरून तोलण्याची पद्धत टॉमस रोच्या 1617 मधील साक्षीशी जुळते. त्यामुळे विधीच्या स्वरूपाबाबत चित्र विश्वसनीय आहे. उपस्थित मानकऱ्यांबाबत ते तितके विश्वसनीय नाही, कारण आसफ खान ही पदवी नूरजहानच्या भावास 1614 मध्ये मिळाली. चित्रातील मानाच्या जागा 1607 पेक्षा चित्रनिर्मितीच्या काळातील सत्तासंबंध दाखवत असाव्यात. वस्त्रे व शस्त्रे दरबारी वर्गाची आहेत. इतर समाजाच्या पोशाखाविषयी यावरून अनुमान करता येत नाही.'

या परिच्छेदात वर्णन जवळजवळ नाही, कारण चित्र तपासणाऱ्यासमोरही असतं. प्रत्येक विधानाला दुसऱ्या साधनाचा आधार किंवा मर्यादा जोडलेली आहे. आणि 'विश्वसनीय' हा शब्द अख्ख्या चित्रासाठी वापरलेला नाही. तो एका प्रश्नापुरता आहे. चित्र पूर्ण विश्वसनीय किंवा पूर्ण अविश्वसनीय असा निकाल देणारं उत्तर बहुतेक वेळा चुकतं.

आपल्या जवळचं एक उदाहरण सांगतो, कारण ते मुघल चित्रांच्या गर्दीत मागे पडतं आणि पुण्यात असूनही फार थोड्यांना माहीत असतं. भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे हस्तलिखित आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारं हे आफ्ताबी नावाच्या कवीचं फारसी काव्य, साधारण 1565 च्या तालिकोट विजयाच्या काळातलं. त्यात बारा चित्रं आहेत. दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांत ती मोजतात. त्यांतल्या काही चित्रांत सुलतानाबरोबर राणी खुंजा हुमायूनही होती, आणि पुढे कोणीतरी तिची आकृती पुसून किंवा रंगाने झाकून टाकली आहे. हुसेनच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुलाच्या नावाने तिने कारभार केला, आणि पुढे त्याच मुलाने तिला दूर करून कैदेत टाकलं. आकृती झाकण्याचा संबंध सहसा या घटनेशी लावतात.

असं पान परीक्षेत आलं तर एका कागदावर दोन काळ आहेत हे लक्षात घ्या. खालच्या थराची साक्ष अशी की 1565 च्या सुमारास अहमदनगरच्या दरबारी चित्रात राणीला सुलतानाबरोबर दाखवणं योग्य मानलं गेलं, आणि हे त्या काळच्या मुसलमानी दरबारांत दुर्मीळ होतं. वरच्या थराची साक्ष अशी की काही वर्षांनी कोणाला तरी ते खुपलं. स्त्रियांच्या पोशाखासाठी या चित्रांतल्या इतर स्त्रिया बघाव्यात. त्यांच्या चोळ्या आणि ओढण्यांची ठेवण उत्तरेकडच्या, माळव्याकडच्या चित्रांची आठवण करून देते. म्हणून ती वस्त्रं अहमदनगरच्या बायकांची की चित्रकाराने आपल्या शिकवणीतून आणलेली, हा प्रश्न उघडा ठेवूनच लिहावं लागतं. तिथे 'अहमदनगरच्या स्त्रिया असा पोशाख करीत' असं ठाम विधान करू नका. 'या चित्रशैलीत स्त्रियांचा पोशाख असा दाखवला आहे' इथवरच जा.

शेवटी पेपरात चित्राखाली काहीच माहिती दिलेली नसेल तर काय, हा प्रश्न तुमच्याकडून येईलच. तेव्हा साल ठोकून देऊ नका. जाम्याच्या घेराला टोकं लोंबत असतील तर अकबराच्या काळाकडे झुकता येतं. कानातले मोती दिसले तर 1614 नंतरकडे. बादशहाचा चेहरा ओळखू आला तर त्याच्या कारकिर्दीकडे. यातली कोणती खूण वापरली ते लिहा आणि 'साधारण' हा शब्द ठेवा. खूण एकही सापडली नाही तर प्रसंगाचं आणि चित्राचं साल वेगळं असू शकतं एवढं नोंदवा आणि जाम्याच्या गाठी, तलवारी, कोनाडे आणि तबकं यांच्याकडे वळा.